प्रस्तावना वाचून दाखवताना: ऐकणारा कुठे हरवला, हे कसं टिपायचं

प्रबंधाची किंवा शोधनिबंधाची प्रस्तावना लिहून झाली, शुद्धलेखन तपासलं, संदर्भ जागच्या जागी बसले, की मार्गदर्शकांकडे पाठवायच्या आधी ती एका सहकाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवा. प्रस्तावना साधारण सहाशे शब्दांची असेल, तर शांतपणे वाचायला पाच-सहा मिनिटं लागतात. पुढची विचारपूस आणि खुणांची नोंद धरून तासाभरात सगळं उरकतं. वाचून दाखवणारे बरेच जण असतात, पण त्यातून काही हाती लागणारे कमी. कारण वाचून झाल्यावर ते विचारतात, "कसं वाटलं?" आणि समोरून येतं, "छान आहे, थोडं मोठं झालंय." या उत्तराने एकही वाक्य दुरुस्त होत नाही. आपल्याला हव्या असतात खुणा, कागदावर, नेमक्या शब्दापाशी.

त्या खुणांविषयी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचा सगळा लेख तिच्यावर उभा आहे. ऐकणारा जिथे "कळलं नाही" म्हणतो, तिथेच त्याची वाट चुकलेली असते असं नाही. बहुतेक वेळा ती दोन-तीन वाक्यं आधी चुकलेली असते. माणूस थोडा वेळ वाट बघतो, पुढे उलगडेल असं धरून चालतो आणि धीर सुटला की थांबवतो. म्हणून जिथे थांबवलं तिथलंच वाक्य दुरुस्त करत बसलात, तर चांगलं वाक्य बिघडायचं आणि दोष जिथल्या तिथे राहायचा.

वाचन कधी आणि कुणापुढे

प्रस्तावना तुमच्या मते पूर्ण झालेली हवी. अर्धवट मसुदा वाचलात तर ऐकणारा नेमका तिथेच अडेल जिथे भगदाड आहे हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं. त्यात एक चांगला श्रोता खर्ची पडतो. हो, खर्चीच. एकदा ऐकलेला माणूस त्याच मजकुरात त्याच जागी पुन्हा हरवू शकत नाही, कारण आता त्याला विषय कळलेला असतो. विभागात असे चार-पाचच लोक असतात. त्यांना जपून वापरा.

श्रोता शेजारच्या विषयातला निवडावा. तुम्ही भूगोलात असाल तर अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्र शिकवणारी व्यक्ती चालेल. रसायनशास्त्रात असाल तर भौतिकशास्त्रातली. तुमच्याच प्रकल्पावर काम करणारा सहकारी नको. तो गाळलेल्या पायऱ्या मनातल्या मनात भरून घेतो आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मार्गदर्शक तर नकोतच. त्यांना विषय तुमच्याइतकाच ठाऊक असतो, आणि त्यांच्यापुढे वाचताना आपण आपोआप बचावाच्या पवित्र्यात जातो. पदाने खूप वरचं किंवा खूप खालचं माणूसही टाळलेलं बरं. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सरांना मध्येच थांबवणार नाही. तो मान डोलावत राहील.

कागदाची तयारी

पडद्यावरून वाचू नका. छापील प्रत घ्या, पानाच्या एकाच बाजूला छापलेली, दोन ओळींत दुप्पट अंतर आणि डावीकडे बोटभर जास्तीचा समास. प्रत्येक वाक्याला पेन्सिलने क्रमांक द्या. नंतर बोलताना "ते मधलं, पाण्याचं वाक्य" असं म्हणत शोधत बसावं लागत नाही. "सहावं वाक्य" म्हटलं की झालं.

श्रोत्याच्या हातात प्रत द्यायची नाही. ही अट अनेकांना जाचक वाटते, पण प्रत समोर असली की डोळा मागे जातो, अडलेलं वाक्य पुन्हा वाचतो, अर्थ लावून पुढे येतो आणि आपल्याला कळतही नाही की तो अडला होता. कानाला मागे जाता येत नाही. हीच सोय आपल्याला हवी आहे.

श्रोत्याच्या हातात फक्त एक पेन्सिल द्या आणि सांगा, "धागा सुटला की टेबलावर एकदा टकटक करा. कारण सांगू नका, विचारू नका. मी थांबणार नाही." सोबत परवानगी घेऊन फोनवर ध्वनिमुद्रण चालू ठेवा. वाचता वाचता खूण करणं सुरुवातीला जमत नाही, आवाज अडखळतो. मुद्रणात टकटक नेमक्या कुठल्या शब्दावर पडली ते नंतर सापडतं.

श्रोत्याला आणखी एक फरक आधीच समजावून सांगावा लागतो: कळलं नाही आणि पटलं नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न पटलेल्या जागी टकटक नको. शिकलेल्या माणसाला हे जड जातं. "पण सर, ही आकडेवारी जुनी नाही का?" असा प्रश्न त्याच्या ओठावर येतो. प्रश्न रास्त असेलही, पण असा आक्षेप घेणाऱ्याला तुमचं म्हणणं पुरेपूर कळलेलं असतं. आक्षेपांसाठी वेगळी बैठक ठेवा.

वाचायचं कसं

सपाट वाचा. भाषणासारखं नको, बातम्यांसारखंही नको. आपला आवाज फार चलाख असतो. लेखणीने सोडलेल्या जागा तो भरून काढतो. कुठल्या शब्दावर जोर द्यायचा, कुठे क्षणभर थांबायचं, कुठल्या वाक्यानंतर सूर बदलायचा, हे तुम्हाला माहीत असतं आणि तुम्ही ते नकळत करता. वाचकाच्या हाती पडेल तेव्हा पानासोबत तुमचा आवाज जाणार नाही. म्हणून मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांच्या गतीने, पूर्णविरामाला जेमतेम थांबत, परिच्छेद बदलला की एक श्वास घेऊन पुढे जायचं.

कंसातले संदर्भ वाचू नका. नाव आणि साल मध्ये आलं की ऐकणाऱ्याचं लक्ष त्यातच अडकतं, आणि त्यावरून आलेली टकटक खोटी असते. मात्र संशोधकाचं नाव वाक्याचा कर्ता असेल, तर अर्थातच वाचावं लागेल.

तुमच्याकडूनही दोन गोष्टी घडतील आणि त्या टिपायच्या आहेत. एक, जीभ अडखळेल. जिथे अडखळली त्या शब्दाखाली नागमोडी रेघ. दुसरी गोष्ट जास्त मोलाची आहे: तुमच्या तोंडून कागदावर नसलेला शब्द निघेल. "म्हणजे", "पण", "आता", "याचं कारण असं की". मुद्रण ऐकताना असे शब्द पकडा आणि त्या जागी काकपदाची खूण करून समासात लिहा. तुमच्या जिभेला जिथे सांधा लागला, तिथे वाचकालाही लागणार आहे. असे शब्द मी बहुतेक वेळा जसेच्या तसे मजकुरात घेतो.

टकटकीची खूण म्हणजे एक उभी रेघ, ज्या शब्दावर आवाज आला त्याच्या लगेच नंतर. एवढ्या तीन खुणा पुरतात. रंगीत पेनं, दहा प्रकारची चिन्हं यांच्या भानगडीत पडू नका. नंतर त्यांचा अर्थ तुम्हालाच आठवणार नाही.

वाचताना समजावून सांगायचं नाही. टकटक झाली की "अहो, ते म्हणजे असं" हे ओठावर येतंच, ते गिळा. तुम्ही एकदा समजावलंत की पुढच्या सगळ्या वाक्यांची परीक्षा फुकट गेली.

वाचून झाल्यावरची पाच मिनिटं

वाचन संपलं की कागद उलटा ठेवा आणि श्रोत्याला सांगा, "मी काय अभ्यास करतोय आणि का, ते तुमच्या शब्दांत सांगा." टकटकींबद्दल आधी बोलायचं नाही. हे पुनर्कथन आधी घ्यायचं कारण असं की काही जागी माणूस हरवतो, पण आपण हरवलो हे त्याला जाणवत नाही. शब्द ओळखीचे असतात, वाक्य सुरळीत असतं, त्यामुळे हात उठत नाही. डोक्यात मात्र वेगळंच चित्र तयार होतं. ते फक्त पुनर्कथनातच उघडं पडतं.

तुमची प्रस्तावना इंग्रजीत असेल, आणि विज्ञान शाखांत ती बहुधा असतेच, तर वाचन इंग्रजीत करा, पण पुनर्कथन मराठीत मागा. इंग्रजीत सांगायला लावलं तर श्रोता तुमचीच शब्दयोजना परत करतो आणि आपल्याला वाटतं, कळलं. मराठीत सांगताना त्याला अर्थ पकडावाच लागतो.

त्यानंतर एकेका रेघेकडे या. "इथे काय कळलं नाही?" असं विचारू नका. त्यावर श्रोता समोरच्या वाक्यातला सगळ्यात अवघड शब्द दाखवतो आणि तुम्ही त्या शब्दाची व्याख्या जोडून मोकळे होता. त्याऐवजी विचारा, "याच्या आधी शेवटचं काय पक्कं कळलं होतं?" त्याने सांगितलेलं वाक्य शोधा आणि त्यापुढे समासात एक टिंब द्या. टिंब आणि रेघ यांच्या मधल्या पट्ट्यात कुठेतरी दोष आहे. दुरुस्ती तिथे करायची.

एक प्रस्तावना, खुणांसकट

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते बघू. खालचा उतारा मी दाखवण्यासाठी रचला आहे. भूगोलाच्या प्रबंधांत अशी प्रस्तावना नेहमी भेटते. प्रत्यक्ष प्रबंधात यातल्या विधानांना संदर्भ लागतील, इथे आपण फक्त ऐकण्याकडे बघतोय.

(१) महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भूभाग बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. (२) या खडकाची पाणी साठवण्याची क्षमता मूलतः कमी असून ती थरांच्या रचनेनुसार बदलते. (३) त्यामुळे एकाच शिवारातील दोन विहिरींच्या पाणीपातळीत लक्षणीय तफावत आढळते. (४) २०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानांतर्गत नाला खोलीकरण व रुंदीकरण, सिमेंट नाला बांध, बांधबंदिस्ती आदी कामे राज्यभर हाती घेण्यात आली. (५) त्यांच्या परिणामांचे मूल्यमापन बहुतांशी गाव हे एकक धरून केले जाते. (६) मात्र पुनर्भरण हे एकक पाळत नाही. (७) प्रस्तुत अभ्यासात म्हणूनच दोन गावांतून वाहणाऱ्या एका नाल्याच्या काठांवरील विहिरींच्या पावसाळ्यापूर्वीच्या व नंतरच्या पातळ्यांची, विहिरींत दिसणाऱ्या खडकाच्या थरांच्या नोंदींशी सांगड घालून, तुलना केली आहे.

समजा श्रोता अर्थशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम आहेत. टकटक दोनदा होते: सहाव्या वाक्याच्या शेवटी, आणि सातव्यात "सांगड घालून" या शब्दांवर. वाचणाऱ्याची जीभ पाचव्या वाक्याच्या सुरुवातीला "पण" असं जास्तीचं म्हणून जाते.

आता पुनर्कथन. मॅडम म्हणतात, "आपल्याकडे कातळ जास्त, त्यामुळे पाणी कमी राहतं. मग जलयुक्तची कामं झाली. त्यांचा उपयोग झाला का नाही, हे तुम्ही विहिरींची पातळी मोजून बघताय."

ऐकायला हे ठीक वाटतं, आणि नवखा माणूस इथे सुटकेचा नि:श्वास टाकतो. पण हा त्या अभ्यासाचा प्रश्नच नाही. अभ्यास विचारतोय की एकाच नाल्यावरच्या कुठल्या विहिरीला लाभ झाला, कुठल्या विहिरीला नाही, आणि त्यामागे खडकाचे थर आहेत का. मॅडमच्या सांगण्यातून थर पूर्ण गळाले. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यावर एकही टकटक नव्हती, आणि सगळ्यात मोठी गळती तिथेच झाली.

मग रेघेची चौकशी.

"मॅडम, सहाव्या वाक्याला टकटक केलीत, त्याआधी शेवटचं पक्कं काय होतं?"

"दोन विहिरींची पातळी वेगळी असते, तिथपर्यंत पक्कं. मग कामांची यादी आली, तीही कळली. पण गाव मध्येच कुठून आलं? आणि पाणी गाव पाळत नाही म्हणजे काय हो?"

"पुनर्भरण शब्द अडला का?"

"छे, पाणी मुरणं. ते कळलं की."

शेवटचा प्रश्न वाचणाऱ्याने विचारायला नको होता, कारण तो उत्तर सुचवतो. पण त्याने एक गोष्ट स्पष्ट झाली. टकटक "पुनर्भरण"च्या वाक्यावर असल्यामुळे बहुतेकांनी तिथे पुनर्भरणाची व्याख्या घातली असती. मॅडमना तो शब्द येतच होता. टिंब पडलं तिसऱ्या वाक्याजवळ, रेघ सहाव्याला, म्हणजे पट्टा तिसऱ्या ते सहाव्या वाक्याचा.

त्या पट्ट्यात काय नाही ते बघा. थरांमुळे दोन विहिरी वेगळ्या पडतात असं म्हटलंय, पण कशा, ते सांगितलेलं नाही. बेसाल्टमध्ये घट्ट कातळ आणि सच्छिद्र थर आलटून पालटून येतात. पाणी मुख्यतः सच्छिद्र, झिजलेल्या किंवा भेगाळलेल्या भागातून सरकतं. विहिरी खणणारे या सच्छिद्र थराला मांजऱ्या म्हणतात आणि तो लागला की त्यांना हायसं वाटतं. भूगोलाच्या माणसाच्या डोळ्यांपुढे हे चित्र इतकं पक्कं असतं, की "थरांच्या रचनेनुसार" एवढ्या दोन शब्दांत सगळं आलं असं त्याला वाटतं. अर्थशास्त्राच्या मॅडमना त्या दोन शब्दांत काहीच दिसलं नाही. आणि हे थर जमिनीखाली गावाची शीव ओलांडून पसरलेले असतात, ही पायरी तर कागदावर कुठेच नाही. सहावं वाक्य त्या न लिहिलेल्या पायरीवर उभं आहे.

दुसऱ्या वाक्यात आणखी एक खोच आहे. "मूलतः कमी असून ती बदलते" या वाक्याचं पहिलं अर्ध कानात राहतं, दुसरं गळतं. कारण "कमी" हा निकाल मिळाला की कान पुढचं सोडून देतो. मॅडमच्या पुनर्कथनात नेमकं तेच झालं: "पाणी कमी राहतं."

दुरुस्ती अशी होऊ शकते:

महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भूभाग बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. या खडकात किती पाणी साठेल हे जागोजागी बदलते, कारण त्यात घट्ट कातळ आणि सच्छिद्र थर आलटून पालटून येतात आणि पाणी मुख्यतः सच्छिद्र थरातून सरकते. एका विहिरीत असा थर लागतो, तर हाकेच्या अंतरावरील दुसऱ्या विहिरीत त्याच खोलीवर कातळ लागतो. हे थर गावाच्या शिवेपाशी संपत नाहीत. एका गावात मुरलेले पाणी शेजारच्या गावातील विहिरीत उतरू शकते. २०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात नाला खोलीकरण, सिमेंट नाला बांध अशी कामे राज्यभर झाली. पण या कामांचा परिणाम बहुतांशी गावनिहाय मोजला जातो. अशा मोजणीतून कोणत्या विहिरीला लाभ झाला आणि कोणत्या विहिरीला नाही, हे कळत नाही. प्रस्तुत अभ्यास तेच शोधतो.

जिभेने आणलेला "पण" आता मजकुरात आहे. कामांची यादी लहान झाली, कारण त्या यादीने मॅडमचं लक्ष थरांवरून कामांकडे नेलं होतं. "पुनर्भरण" हा शब्द निघूनच गेला. तो पुढे पद्धतीच्या प्रकरणात येईल. आणि गावाची शीव आता गावनिहाय मोजणीच्या आधी येते, म्हणून "गाव मध्येच कुठून आलं" हा प्रश्न उरत नाही.

"सांगड घालून" ची टकटक

सातव्या वाक्यातली टकटक वेगळ्या जातीची आहे, आणि मराठीत लिहिणाऱ्यांना ती फार वेळा भेटते. मराठीत क्रियापद शेवटी येतं. तोवर कानाला मधले सगळे शब्द धरून ठेवावे लागतात. "विहिरींच्या पातळ्यांची" हे ऐकल्यावर पुढे "तुलना" किंवा "नोंद" येईल अशी अपेक्षा तयार होते, पण त्याआधी "थरांच्या नोंदींशी सांगड घालून" हा तुकडा घुसतो. ऐकणाऱ्याच्या हातून पहिलं टोक सुटतं.

या टकटकीचा पट्टा लहान असतो. टिंब आणि रेघ एकाच वाक्यात पडतात. असं झालं की मागे शोधायची गरज नाही, वाक्य फोडायचं: "दोन गावांतून वाहणारा एक नाला त्यासाठी निवडला. त्याच्या काठांवरील विहिरींची पातळी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर मोजली. प्रत्येक विहिरीत कोणते थर दिसतात याची नोंद केली आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या." तीन साध्या वाक्यांत तेच आलं. काहींना हे प्रबंधाच्या भाषेत बसत नाही असं वाटतं. मला ते पटत नाही. प्रबंधाची भाषा म्हणजे लांब वाक्य, असा नियम कुणी केलेला नाही.

"उपरोक्त", "सदर", "वरील" हे शब्द याच गटातले. कानाला वर-खाली नसतं, त्यामुळे यांच्यावर हमखास टकटक पडते. तिथे ज्या गोष्टीबद्दल बोलताय तिचं नाव पुन्हा लिहा. "तो", "ती", "त्यांच्या" यांच्या मागे दोन नामं उभी असतील, तरीही तेच.

कुठल्या रेघा सोडून द्यायच्या

ऐकणं हे वाचण्यापेक्षा कठीण असतं, त्यामुळे प्रत्येक रेघ हा दोष नसतो. आकड्यांची रांग, तालुक्यांची नावं, कायद्याचं लांबलचक नाव, सूत्र यांवर कान अडतो, पण पानावर डोळा अडत नाही. अशा रेघांवर फुली मारा. एक कसोटी आहे. तेवढंच वाक्य श्रोत्याला छापील दाखवा. एका नजरेत कळलं तर ते कानाचं अडणं होतं, आणि ते सोडून द्यायला हरकत नाही. छापील बघूनही तो "हं, पण हे इथे का?" म्हणाला, तर दोष क्रमात आहे.

या वाचनातून काय कळत नाही, हेही ध्यानात असू द्या. तुमचा पुरावा पुरेसा आहे का, आधीचं संशोधन सुटलं आहे का, विधान खरं आहे का, यातलं काहीच टकटकीतून समजत नाही. संपूर्ण चुकीची प्रस्तावनाही एकदा न अडता ऐकता येते. ती तपासणी विषयातल्या जाणकाराकडून व्हायची.

दुरुस्तीचा क्रम आणि दुसरा श्रोता

खुणा घेऊन बसलात की वरून खाली या, सोप्याकडून अवघडाकडे नको. वरची एक पायरी भरली की खालच्या दोन-तीन रेघा आपोआप निकालात निघतात. वरच्या उताऱ्यात शिवेचं वाक्य आल्यावर सहाव्या वाक्याचं तेच झालं. खालून सुरुवात केलीत तर गरज नसलेली स्पष्टीकरणं जमत जातात आणि प्रस्तावना फुगते. वाचनानंतर प्रस्तावना दीडपट झाली असेल, तर समजा की तुम्ही टिंबं न बघता फक्त रेघांपाशी मजकूर भरलात.

त्याच दिवशी शब्द फिरवत बसू नका, पण खुणा मात्र त्याच दिवशी स्वच्छ उतरवून काढा. मुद्रण ऐकत, प्रत्येक रेघेपुढे श्रोत्याचे शब्द जसेच्या तसे लिहा. "गाव मध्येच कुठून आलं" हे वाक्य दुसऱ्या दिवशी तुमच्या डोक्यात "एककाचा संदर्भ स्पष्ट करणे" असं होऊन बसतं, आणि त्यावरून काय करायचं ते कळत नाही.

दुरुस्त मजकूर दुसऱ्या श्रोत्याला वाचा, शक्यतो आणखी वेगळ्या विषयातल्या. त्यालाही आधी पुनर्कथन मागा. या खेपेला मोजायची गोष्ट एकच: तुमचा प्रश्न त्याच्या तोंडून बरोबर बाहेर येतोय का. तो आला आणि तीन-चार किरकोळ रेघा उरल्या, तर थांबा. तो आला नाही, तर पहिल्या श्रोत्याच्या टिंबांशी याची टिंबं ताडून बघा. दोघांचं शेवटचं पक्कं वाक्य एकच निघालं, तर त्याच्या लगेच पुढचा परिच्छेद नव्याने लिहावा लागेल. टिंबं वेगवेगळ्या जागी पडली, तर आधी दोघांचे विषय काय आहेत ते बघा. अर्थशास्त्राच्या माणसाला खडक अडतो, भूशास्त्राच्या माणसाला शासकीय योजना अडते, आणि तुमचा प्रबंध कुणाच्या हाती पडणार आहे त्यावरून कुठली टिंबं आधी धरायची ते ठरतं.